स्पॅनिशमध्ये माणूस किती तऱ्हांनी 'होतो'

मराठीत 'होणे' या एका क्रियापदावर आपली किती कामे भागतात ते पाहा. रागाने त्याचा चेहरा लाल झाला. मुलगी डॉक्टर झाली. शेजारचे काका निवृत्तीनंतर फार संशयी झाले. आजी आंधळी झाली. बघता बघता गावाचे शहर झाले. पाच वाक्यांत पाच निरनिराळे बदल आहेत, पण क्रियापद एकच. स्पॅनिश बोलणारा माणूस मात्र या पाच वाक्यांत पाच वेगळी क्रियापदे वापरतो. चेहरा लाल होण्याला 'पोनेर्से', डॉक्टर होण्याला 'आसेर्से', संशयी होण्याला 'बोल्बेर्से', आंधळे होण्याला 'केदार्से' आणि गावाचे शहर होण्याला 'कोन्बेर्तिर्से एन'. एकाच्या जागी दुसरे घातले, तर कधी वाक्य चुकीचे ठरते, कधी कानाला खटकते आणि कधी भलताच अर्थ निघतो.

(इथे दिलेले उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या धाटणीचे आहेत. माद्रिदकडे 'आसेर्से'चे 'आथेर्से' होते. शेवटचा 'से' म्हणजे 'स्वतःला'. कर्त्याप्रमाणे तो बदलतो.)

स्पॅनिश शिकणाऱ्यांची दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवर इथे हमखास दमछाक होते. त्याआधी त्यांनी एक मोठा घाट चढलेला असतो, तो म्हणजे 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणे'मधला फरक. माणूस कोण आहे, कसा आहे, त्याचा स्वभाव, व्यवसाय, वंश हे 'सेर'ने सांगायचे; तो आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, म्हणजे दमलेला, आजारी, खुशीत, हे 'एस्तार'ने सांगायचे. हे पक्के झाले की वर्गात पुढचा नियम येतो : ज्या विशेषणाला 'एस्तार' लागते त्याचे 'होणे' पोनेर्सेने, आणि ज्याला 'सेर' लागते त्याचे 'होणे' बोल्बेर्से किंवा आसेर्सेने सांगावे. थोडक्यात, तात्पुरता बदल असेल तर पहिले, कायमचा असेल तर दुसरे. नियम सुटसुटीत आहे आणि सुरुवातीला उपयोगीही पडतो. पण तो फार लांबवर साथ देत नाही. ही क्रियापदे अशी का वागतात हे समजायला त्यांचा मूळ अर्थ आणि त्यांची रोजची सोबत, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

मूळ अर्थापासून सुरू करू. ही सगळी साधी, घरगुती क्रियापदे आहेत. 'पोनेर' म्हणजे ठेवणे, घालणे. अंगात सदरा घालणे हेही स्पॅनिशमध्ये 'पोनेर्से'च. 'बोल्बेर' म्हणजे वळणे, परतणे. कुणी हाक मारल्यावर मागे वळून पाहणे हे 'बोल्बेर्से'. 'आसेर' म्हणजे करणे, बनवणे. 'केदार' म्हणजे राहणे, उरणे. आणि 'कोन्बेर्तिर' म्हणजे एका वस्तूचे रूप पालटून दुसरी करणे. 'होणे'चे काम करताना या क्रियापदांचा जुना अर्थ पुसला जात नाही. स्पेनच्या रॉयल अकॅडमीने 2009 साली जे नवे मोठे व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात अशा क्रियापदांचा विचार अर्ध-संयोजक क्रियापदे म्हणून केला आहे. म्हणजे ती 'असणे'सारखी कर्त्याला आणि विशेषणाला जोडतात, पण निव्वळ जोडण्यावर थांबत नाहीत. स्वतःचे काहीतरी त्यात घालतात. ते 'काहीतरी' नेमके काय, हाच सगळा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी एखादा कल्पित माणूस घेण्यापेक्षा स्पॅनिश वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला माणूस घेऊ. मिगेल दे सर्व्हांतेसच्या कादंबरीचा नायक दोन किखोते, मराठीत ज्याला आपण डॉन क्विक्झोट म्हणतो. पहिला भाग 1605 साली आला, दुसरा 1615 साली. ला मांचा प्रांतातला पन्नाशीला टेकलेला एक साधारण ऐपतीचा गृहस्थ शूरवीरांच्या अद्भुतकथा रात्रंदिवस वाचतो, झोप सोडतो आणि त्याचा मेंदू सुकून जातो. आजच्या स्पॅनिशमध्ये कोणत्याही शाळकरी मुलाला विचारले की त्याचे काय झाले, तर उत्तर येईल, 'से बोल्बियो लोको', म्हणजे तो वेडा झाला.

इथेच पाठ्यपुस्तकातला नियम पहिल्यांदा अडखळतो. 'लोको' म्हणजे वेडा, आणि एखाद्याला वेड लागले आहे असे सांगताना स्पॅनिशमध्ये 'एस्ता लोको' म्हणतात, 'एस्तार' वापरून. मग नियमाप्रमाणे वेडा होण्याला पोनेर्से लागायला हवे होते. पण साऱ्या स्पॅनिश जगात वेड लागण्याला 'बोल्बेर्से लोको' हीच जोडी चालते. कारण बोल्बेर्सेतले ते 'वळणे' अजून जिवंत आहे. माणूस एका दिशेने चालला होता आणि वळला; आता त्याचे तोंड दुसरीकडे आहे. हे वळण त्याने ठरवून घेतलेले नाही, पण ते घेतल्यावर तो पूर्वीचा राहिलेला नाही. म्हणूनच स्वभाव पालटण्याच्या बहुतेक तक्रारी या क्रियापदाने होतात. नवरा कंजूष झाला, मुलगी एकलकोंडी झाली, साहेब मग्रूर झाले, सगळीकडे 'से बोल्बियो'. चांगल्या बदलालाही ते चालते. पुढे किखोते शुद्धीवर येतो, त्यालाही 'से बोल्बियो क्वेर्दो', शहाणा झाला, असे म्हणता येते. तरी रोजच्या बोलण्यात त्याचा ओढा नकोशा बदलाकडे जास्त आहे.

मग 'से पुसो लोको' असे कधीच म्हणत नाहीत का? म्हणतात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत. पण त्याचा अर्थ वेगळा. गोल झाला आणि तो आनंदाने वेडापिसा झाला, किंवा गाडीला ओरखडा पडला आणि त्याचे डोके फिरले. तासाभराने तो नेहमीसारखा जेवायला बसतो. पोनेर्सेचा हा खास प्रांत आहे : अंगावर चढणारी आणि उतरणारी अवस्था. संताप, घबराट, उदासी, लाज, फिकटपणा, आजारपण, ही सगळी पोनेर्सेची मंडळी. पवनचक्क्यांशी झुंज देऊन किखोते आपटतो, तेव्हा सांचो पान्सा 'से पुसो नेर्बिओसो', घाबराघुबरा झाला, असे आपण म्हणू. कादंबरीच्या शेवटी किखोतेला ताप येतो आणि तो सहा दिवस अंथरुणाला खिळतो, त्याला स्पेनमध्ये 'से पुसो एन्फेर्मो' म्हणतील. निर्जीव गोष्टीही यातून सुटत नाहीत. आभाळ काळे होते, दूध आंबते, प्रकरण हाताबाहेर जाऊ लागते, सगळ्यांना पोनेर्से चालते. फक्त एक गोष्ट त्याला अजिबात चालत नाही. पोनेर्सेपुढे विशेषण हवे, नाम नको. 'से पुसो मेदिको', म्हणजे तो डॉक्टर झाला, असे कुणी म्हटले तर ऐकणारा गोंधळून जाईल. डॉक्टरकी ही काही तापासारखी चढत-उतरत नाही.

तरीही 'पोनेर्से म्हणजे तात्पुरते' हे समीकरण घोकू नये, असे मला आवर्जून सांगायचे आहे. उन्हात रापून काळे होणे, वजन वाढून जाड होणे यांनाही पोनेर्से लागते, आणि जाडी तासाभरात उतरत नाही हे आपण सगळे जाणतो. पोनेर्से किती काळ टिकेल हे सांगत नाही. ते सांगते ते असे की बदल दिसण्यात, अंगावर, मनःस्थितीत झाला आहे. माणसाच्या ओळखीला त्याने हात लावलेला नाही.

ओळखीला हात लावते ते आसेर्से. 'आसेर' म्हणजे बनवणे, तेव्हा 'आसेर्से' म्हणजे स्वतःला बनवणे. धंदा, धर्म, पक्ष, पंथ, जीवनपद्धती, अशा ज्या गोष्टी माणूस पत्करतो, त्या सगळ्या याच्याकडे येतात. डॉक्टर होणे, बौद्ध होणे, कम्युनिस्ट होणे, शाकाहारी होणे. इथे नाम चालते आणि ते बहुधा उपपदावाचून येते : 'से इसो मेदिको'. किखोतेच्या कथेत याचे एक झकास उदाहरण आहे. त्याचे वाचनाचे खूळ जावे म्हणून गावचा धर्मगुरू आणि न्हावी त्याची पुस्तके एकेक तपासून जाळायला काढतात. तेवढ्यात घरातली पुतणी म्हणते की मेंढपाळांच्या प्रेमकथा आणि कवितांची पुस्तकेही जाळा, नाहीतर काका बरे व्हायचे आणि ही पुस्तके वाचून मेंढपाळ व्हायचे, किंवा त्याहून वाईट म्हणजे कवी व्हायचे. सर्व्हांतेसने या दोन्ही ठिकाणी 'आसेर्से'च वापरले आहे. पुतणीची भीती खरी ठरते, कारण दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे हरलेला किखोते खरेच मेंढपाळ होण्याचा बेत आखतो. वेड त्याला लागले, त्यात त्याची निवड नव्हती, म्हणून तिथे बोल्बेर्से. मेंढपाळ व्हायचे हे तो ठरवतो, म्हणून इथे आसेर्से. एकाच माणसाच्या दोन बदलांत क्रियापद असे फरक करते.

पण आसेर्सेलाही 'इच्छेने केलेला बदल' एवढ्या चौकटीत कोंबता येत नाही. लॉटरी लागून कुणी श्रीमंत झाला तरी 'से इसो रिको' असेच म्हणतात. त्यात कष्ट कुठले आणि निश्चय कुठला? म्हातारे होण्यालाही 'आसेर्से बिएखो' म्हणतात, आणि म्हातारपण कोण निवडतो? उशीर होतो, रात्र होते, तेही आसेर्सेनेच : 'से इसो तार्दे', उशीर झाला, 'से इसो दे नोचे', रात्र झाली. गंमत अशी की सूर्य मावळतो तो मात्र पोनेर्सेने मावळतो. या सगळ्या वापरांना बांधणारा धागा 'घडत जाणे' हा आहे. काही घटना हळूहळू, आपल्या क्रमाने घडत एका नव्या जागी पोचतात. माणूस स्वतःला घडवतो ही त्यातली एक बाजू आहे, काळ त्याला घडवतो ही दुसरी.

आसेर्सेबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती न कळल्याने गैरसमज होतात. आसेर्से आणि विशेषण यांच्यामध्ये 'एल' हे उपपद आले, की अर्थ 'होणे' उरत नाही, 'सोंग घेणे' होतो. 'से केदो सोर्दो' म्हणजे तो बहिरा झाला. 'से इसो एल सोर्दो' म्हणजे त्याने ऐकू न आल्याचे सोंग केले. 'आसेर्से एल मुएर्तो' म्हणजे मेल्याचे सोंग घेऊन पडून राहणे. स्पेनमध्ये 'आसेर्से एल सुएको' असा वाक्प्रचारही आहे. शब्दशः त्याचा अर्थ स्वीडनचा रहिवासी असल्याचे सोंग करणे, म्हणजे आपल्याला विचारलेले कळलेच नाही असे दाखवून काखा वर करणे. स्त्री असेल तर 'एल'चे 'ला' होते. एका छोट्या उपपदावर सगळे अवलंबून आहे, तेव्हा ते ऐकताना कान तयार हवा.

कोन्बेर्तिर्सेबद्दल फार बोलायला नको, कारण ते सगळ्यांत सरळ आहे. त्याच्यामागे 'एन' हे शब्दयोगी अव्यय आणि नाम असलेच पाहिजे. विशेषण त्याला चालत नाही, म्हणून 'से कोन्बिर्तियो लोको' असे होत नाही. गावाचे शहर होते, सुरवंटाचे फुलपाखरू होते, अफवेची बातमी होते. एक वस्तू दुसरी होते, असा त्याचा भाव आहे. पवनचक्क्यांच्या प्रसंगात हेच घडते. धुळीत लोळल्यावर किखोते मान्य करत नाही की ते राक्षस नव्हतेच. त्याच्या मते ते राक्षसच होते. आपल्याला मिळणारी कीर्ती हिरावून घ्यायला फ्रेस्तोन नावाच्या मायावी जादूगाराने त्यांच्या पवनचक्क्या करून टाकल्या. राक्षसांच्या पवनचक्क्या होणे, हा अगदी कोन्बेर्तिर्सेचा मामला. धर्मांतरासाठी मात्र 'एन'च्या जागी 'आ' येते. हा एक अपवाद लक्षात ठेवला की या क्रियापदाचा त्रास संपला.

मला सर्वांत भावते ते केदार्से. अनेक पाठ्यपुस्तके याला शेवटी कुठेतरी कोपऱ्यात जागा देतात, पण बोलण्यात ते पदोपदी भेटते. 'केदार' म्हणजे राहणे, उरणे. काहीतरी घडून गेले, आणि त्यानंतर जे उरले ते केदार्से सांगते. म्हणून गमावण्याशी त्याचे नाते घट्ट आहे. दृष्टी जाते, माणूस आंधळा उरतो : 'से केदो सिएगो'. केस जातात, टक्कल उरते. नवरा जातो, बायको विधवा होते : 'से केदो बिऊदा'. नोकरी जाते : 'से केदो सिन त्राबाखो', म्हणजे कामावाचून राहिला. किखोतेच्या बाबतीत त्याची पुस्तके जळतात, पुस्तकांच्या खोलीचे दारच भिंत बांधून बुजवतात, आणि तो पुस्तकांवाचून राहतो. या वाक्याला स्पॅनिशमध्ये दुसरे क्रियापद शोभणारच नाही.

पण केदार्से नुसते गमावण्यापाशी थांबत नाही. गप्प होणे, स्तब्ध होणे, थक्क होणे, झोपी जाणे, हेही त्याच्याच वाट्याला आले आहे. हालचाल थांबते आणि माणूस तसाच राहतो, हा भाव त्यात आहे. दिवस जाण्यालाही स्पेनमध्ये 'केदार्से एम्बारासादा' म्हणतात. लॅटिन अमेरिकेत बहुधा 'से' गाळून 'केदार' म्हणतात. यात गमावणे काहीच नाही, पण एका क्षणाच्या घटनेनंतर टिकून राहणारी अवस्था आहे.

इथे मराठी माणसाला एक सोय आहे, ती इतरांना सहज मिळत नाही. आपणही सगळीकडे 'होणे' वापरत नाही. माणूस आजारी होतो असे म्हणत नाही, आजारी 'पडतो'. चेहरा फिका पडतो, माणूस एकटा पडतो, यंत्र बंद पडते. माणूस गप्प 'बसतो' किंवा गप्प 'राहतो'. वेड 'लागते'. 'पडणे', 'बसणे', 'राहणे' यांनी आपला मूळ अर्थ थोडा मागे ठेवून 'होणे'चे काम पत्करले आहे, आणि त्यातले कुठले कुठल्या विशेषणाबरोबर चालते हे आपण कुणाला नियमाने सांगू शकत नाही. 'फिका पडला' का आणि 'लाल पडला' का नाही? विचारणाऱ्याला आपण एवढेच सांगतो की तसे म्हणत नाहीत. स्पॅनिश माणसाचीही नेमकी हीच स्थिती असते.

ही स्थिती नीट तपासली गेली आहे. जोन बायबी आणि डेव्हिड एडिंग्टन या दोन अमेरिकी भाषाभ्यासकांनी 2006 साली 'लँग्वेज' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बोललेल्या आणि लिहिलेल्या स्पॅनिशच्या मोठ्या संग्रहांतून माणसांबद्दलची अशी वाक्ये वेचली आणि केदार्से, पोनेर्से, बोल्बेर्से, आसेर्से यांच्यापुढे प्रत्यक्षात कोणती विशेषणे येतात ते पाहिले. वेळ, इच्छा, वेग अशा मोठ्या तत्त्वांनी ही विशेषणे नीट विभागली जात नाहीत, असे त्यांना आढळले. त्याऐवजी त्यांचे छोटे छोटे समूह दिसले. प्रत्येक समूहाच्या मध्यभागी एक वारंवार येणारी जोडी असते आणि तिच्याभोवती अर्थाने जवळची विशेषणे जमलेली असतात. 'केदार्से सोलो', म्हणजे एकटा पडणे, ही अशी एक जोडी. तिच्याभोवती अविवाहित राहणे, जोडीदारावाचून राहणे ही मंडळी. 'केदार्से क्येतो', म्हणजे निश्चल होणे, ही दुसरी; तिच्याभोवती स्तब्ध, ताठ, खिळलेला. 'पोनेर्से नेर्बिओसो'भोवती मनाच्या खळबळीची विशेषणे. बोल्बेर्सेचा मोठा वापर तर 'लोको'शीच बांधलेला.

मग त्यांनी स्पॅनिशभाषकांना काही वाक्ये दाखवून कोणती स्वाभाविक वाटतात ते विचारले. वारंवार येणाऱ्या जोड्या लोकांना स्वाभाविक वाटल्या, यात नवल नाही. पण क्वचित येणाऱ्या जोड्यांतही फरक दिसला. जिचे विशेषण एखाद्या प्रचलित जोडीच्या जवळच्या अर्थाचे होते, ती लोकांना स्वाभाविक वाटली. जिला असे कुणी नातलग नव्हते, ती खटकली. याचा अर्थ असा की नवे विशेषण समोर आले की बोलणारा माणूस मनात 'हे कायमचे की तात्पुरते' असा हिशेब मांडत बसत नाही. ओळखीच्या जोडीपैकी कुणाशी याचे साम्य आहे, एवढे तो पाहतो, तेही नकळत. पाठ्यपुस्तकातले नियम का तुटतात, याचे मला पटलेले उत्तर हेच आहे. नियम म्हणजे या समूहांकडे दुरून पाहिल्यावर दिसणारी ढोबळ आकृती. जवळ गेले की आतली वस्ती वेगळीच निघते.

आता एक चाचणी सांगतो, जी माझ्या पाहण्यात बरेचदा उपयोगी पडली आहे. 'से' काढून टाका आणि तो बदल दुसऱ्या कुणी घडवला असे वाक्य करा. घाबरवणे 'पोनेर नेर्बिओसो', वेड लावणे 'बोल्बेर लोको', श्रीमंत करणे 'आसेर रिको', शहर करणे 'कोन्बेर्तिर एन' शहर. सगळीकडे तेच क्रियापद कायम राहते. पुस्तकांनी किखोतेला वेड लावले, म्हणजे 'लो बोल्बिएरोन लोको'. मराठीतल्या 'लागणे-लावणे'सारखीच ही जोडी आहे. पण केदार्सेचे काय? तिथे 'केदार' चालत नाही. तिथे 'देखार' येते, म्हणजे सोडणे. स्फोटाने तो आंधळा झाला, हे स्फोटाच्या बाजूने सांगायचे तर 'लो देखो सिएगो', स्फोटाने त्याला आंधळा करून सोडले. सोडणारा सोडतो आणि जो उरतो तो उरतो. एखाद्या विशेषणाला केदार्से लागते की नाही अशी शंका आली, तर 'अमक्या गोष्टीने त्याला तसे करून सोडले' हे वाक्य शोभते का ते पाहावे. अपघाताने पांगळे करून सोडले, बातमीने सुन्न करून सोडले, शोभते, मग केदार्से. अपघाताने डॉक्टर करून सोडले, हे शोभत नाही. मग केदार्से नको.

राहता राहिला सांचो पान्सा. आपल्याला एखाद्या बेटाचे राज्य मिळेल या आशेवर तो किखोतेबरोबर गाढवावर बसून निघालेला असतो. दुसऱ्या भागात एक ड्यूक थट्टा म्हणून त्याला बाराताऱ्या नावाच्या 'बेटा'चा राज्यपाल नेमतो, आणि हा निरक्षर शेतकरी न्यायनिवाडे असे करतो की थट्टा करणारेच चकित होतात. सांचो राज्यपाल झाला, हे कोणत्या क्रियापदाने सांगायचे? 'से इसो' म्हटले तर स्वतःच गादीवर बसल्याचा वास येतो. 'से कोन्बिर्तियो एन' चालेल, पण त्यात नुसता पालट दिसतो. इथे स्पॅनिश माणूस सहसा 'येगो आ सेर' म्हणेल, शब्दशः 'असण्यापर्यंत पोचला'. खालून वर, वाट तुडवत, कुठल्याशा उंच जागी पोचणे हा या प्रयोगाचा खास अर्थ. राष्ट्राध्यक्ष, कुलगुरू, नामवंत गायक यांच्या चरित्रात तो सतत दिसतो. उलट घसरणीला तो कधी वापरत नाहीत. भिकारी होण्यापर्यंत कुणी 'पोचत' नाही.

याशिवाय अनेक बदलांना स्पॅनिशमध्ये स्वतंत्र क्रियापदेही आहेत. म्हातारे होणे 'एन्बेखेसेर', फिके पडणे 'पालिदेसेर', चिडणे 'एन्फादार्से', बारीक होणे 'आदेल्गासार'. विशेषण आणि 'होणे' यांची जोडी आठवली नाही तर यांचा आधार घेता येतो. 'तोर्नार्से' हे आणखी एक क्रियापद वाचनात भेटेल. ते आज मुख्यतः लिखाणातले आणि साहित्यिक वळणाचे आहे, बोलण्यात आणू नये.

प्रदेशाप्रमाणे आवडही बदलते. म्हातारे होण्याला स्पेनमध्ये आसेर्से जास्त रुळलेले, तर लॅटिन अमेरिकेत त्याच अर्थाने पोनेर्सेही सर्रास ऐकू येते. श्रीमंत होण्याला तिकडे बोल्बेर्सेही चालते. तेव्हा माद्रिदच्या पुस्तकातून शिकून मेक्सिकोच्या माणसाशी बोलताना कुणी 'चूक' क्रियापद वापरले असे वाटले, तर लगेच सुधारायला जाऊ नये.

पुण्या-मुंबईत किंवा कुठेही स्पॅनिश शिकत असाल तर माझे सांगणे एवढेच. शब्दांच्या वहीत 'लोको म्हणजे वेडा' असे लिहू नका, 'बोल्बेर्से लोको' असे लिहा. तसेच 'पोनेर्से नेर्बिओसो', 'पोनेर्से रोखो', 'आसेर्से मेदिको', 'आसेर्से रिको', 'केदार्से सोलो', 'केदार्से क्येतो', 'केदार्से सिएगो', 'कोन्बेर्तिर्से एन' आणि पुढे एखादे नाम. या दहा-एक जोड्या तोंडी बसल्या की नवे विशेषण भेटेल तेव्हा ते यांपैकी कोणाच्या जवळचे आहे ते पाहा आणि तेच क्रियापद वापरा. बहुतेक वेळा ते बरोबर निघेल.